पेढा कुणाला, केव्हा आणि कसा?



निकालांचे दिवस आले की आमच्या शिक्षककक्षातल्या टेबलावर पेढ्यांचे खोके येऊ लागतात. कुणी बारावीचे, कुणी अभियांत्रिकीच्या प्रवेशाचे, तर कुणाच्या बाबांना बढती मिळाली म्हणून. त्याच दिवसांत काही मुले शाळेचा दाखला न्यायला येतात ती मागच्या फाटकाने, आणि शक्यतो दुपारच्या वेळी. कुणी भेटू नये, कुणी ‘किती पडले?’ असे विचारू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. समोरून येणारी मुले आणि मागच्या फाटकाने येणारी मुले पुष्कळदा एकमेकांचे जिवलग मित्र असतात.

मराठीच्या पेपरात आपण अभिनंदनपत्र लिहायला शिकतो. ‘तुमच्या मित्राला स्पर्धेत यश मिळाले, त्याचे अभिनंदन करणारे पत्र लिहा’ हा प्रश्न तुम्ही सर्वांनी सोडवला असेल. पण ज्याला यश मिळाले त्याने ते कसे कळवावे, आणि ज्याचे नेमके तेच काम अडले आहे अशा मित्राला काय लिहावे, हा प्रश्न कोणत्याच पेपरात येत नाही. म्हणून या अंकातला पाठ आम्ही त्याच एका पत्रावर घेत आहोत.

दोघींची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुली होत्या. नावे सांगत नाही. एकीला आपण खिडकीकडची म्हणू, दुसरीला भिंतीकडची. दोघींना डॉक्टर व्हायचे होते. अकरावी-बारावीची दोन वर्षे दोघी एकाच स्कूटरवरून भंवरकुव्याच्या एका क्लासला जात. भिंतीकडचीची चित्रकला चांगली, म्हणून जीवशास्त्राच्या आकृत्या तिच्या वहीतून दोघींनी गिरवल्या. खिडकीकडचीचे भौतिकशास्त्र पक्के, म्हणून गणिते तिच्या वहीतून.

वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा 720 गुणांची असते. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चुकले तर 1 गुण जातो. निकाल लागला तेव्हा खिडकीकडचीचे गुण राज्यातल्या सरकारी महाविद्यालयाला पुरतील असे होते. भिंतीकडची पात्र ठरली होती, पण सरकारी जागा तिच्या आवाक्यात नव्हती आणि खासगी महाविद्यालयाची लाखांतली फी घरच्यांना झेपणारी नव्हती.

त्या संध्याकाळी भिंतीकडचीने फोन करून विचारले, “तुझे किती?” खिडकीकडचीला वाटले, आत्ता खरा आकडा सांगितला तर हिला रडू येईल. ती म्हणाली, “ठीकठाक आहेत गं. बघू काय होतं ते.” पुढे तीन आठवडे तिने विषयच टाळला. समुपदेशनाची नोंदणी झाली, महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरून झाला, पहिल्या फेरीची यादी लागली आणि तिला आपल्याच शहरातले सरकारी महाविद्यालय मिळाले. तेही तिने सांगितले नाही. चार दिवसांनी क्लासने यशस्वी विद्यार्थ्यांचा मोठा फलक लावला. भिंतीकडची पुन्हा वर्षभर तयारी करायची म्हणून त्याच क्लासमध्ये चौकशीला चालली होती. सिटी बसच्या खिडकीतून तिला मैत्रिणीचा फोटो दिसला.

तिने फोन केला. खिडकीकडची गांगरली आणि म्हणाली, “अगं, नशीब माझं, दुसरं काय! मी तर धड अभ्याससुद्धा केला नव्हता.” त्याच दिवशी खिडकीकडचीची आई पेढे घेऊन त्यांच्या घरी गेली आणि दारातच म्हणाली, “हिचंही होईल हो पुढच्या वर्षी, काळजी करू नका.” त्यानंतर दोन महिने दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

या गोष्टीत कुणीही बढाई मारलेली नाही, हे लक्षात घ्या. खिडकीकडची मुलगी गर्विष्ठ नव्हती. तिने जे केले ते सगळे मैत्रिणीला दुखवायचे नाही म्हणून केले. मग बिघडले कुठे?

दुखते कुणाला?

पहिली गोष्ट अशी की आपल्या यशाने सगळ्यांना सारखे दुखत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर यांनी या विषयावर बरेच काम केले. 1980 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात शब्द ओळखण्याचा खेळ होता. खेळणाऱ्याने दुसऱ्याला सूचक शब्द द्यायचे, ते सोपेही देता येत आणि अवघडही. ‘हा नुसता खेळ आहे’ असे सांगितले तेव्हा लोकांनी अनोळखी माणसापेक्षा आपल्या मित्राला सोपे शब्द दिले. पण ‘यावरून तुमची महत्त्वाची कुवत कळते’ असे सांगितल्यावर मित्राला दिलेली ही सवलत संपली. जिथे स्वतःची प्रतिष्ठा लागली होती तिथे मित्र पुढे जाणे लोकांना जड गेले.

यातून टेसर यांनी जो विचार मांडला तो आपल्या कामाचा आहे. दुसऱ्याचे यश आपल्याला बोचते ते दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे. तो माणूस आपल्या जवळचा असावा लागतो आणि ते क्षेत्र आपण स्वतःच्या आयुष्याचे मानलेले असावे लागते. पुण्याच्या मामेबहिणीला नृत्याचे बक्षीस मिळाले तर भिंतीकडचीला आनंदच होईल, कारण ती जवळची आहे पण क्षेत्र वेगळे. ग्वाल्हेरच्या कुणा अनोळखी मुलाला वैद्यकीय प्रवेश मिळाला तर तिला काही वाटणार नाही, कारण क्षेत्र तेच पण माणूस दूरचा. बाकावरची मैत्रीण मात्र दोन्ही अंगांनी जवळची असते. म्हणजे असे दुखणे हा मत्सर किंवा कोता स्वभाव नव्हे. बाक एक आणि स्वप्न एक, म्हणून ते दुखते.

याचा व्यावहारिक उपयोग करा. बातमी कळली की ती कुणाकुणाला सांगायची त्यांची मनात यादी करा आणि स्वतःला विचारा, यांतला कोण जवळचा आहे आणि त्याच रांगेत उभा आहे? अशी नावे फार तर एक-दोन निघतात. बाकी सगळ्यांना नेहमीसारखे सांगा, हसत सांगा, पेढे द्या. आत्या, काका, शेजारी, गुरुजन हे तुमच्या आनंदात मनापासून सहभागी होतात आणि तो त्यांचा हक्क आहे. त्या एक-दोघांचे मात्र वेगळे, आणि सर्वांत आधी. पुष्कळदा आपण उलटे करतो. सर्वांना सांगून होते आणि ज्याला सांगणे कठीण तो शेवटी राहतो.

लपवणे का चालत नाही?

खिडकीकडचीची पहिली चूक ही की तिने लपवले. आपल्यापैकी बहुतेकांना हाच मार्ग दयाळूपणाचा वाटतो. पण लपवलेले यश नंतर उघड झाले म्हणजे समोरच्याला काय वाटते याचा अभ्यास झालेला आहे. अॅनाबेल रॉबर्ट्स, एमा लेव्हिन आणि ओव्हुल सेझर या तीन संशोधकांनी 2021 साली नेमक्या याच विषयावर लेख प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की यश लपवणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी ज्याच्यापासून ते लपवले त्याला ते अपमानासारखे वाटते. ‘हा मला लहान मूल समजतो, मला सोसवणार नाही असे यानेच ठरवून टाकले’ असे त्याच्या मनात येते आणि जवळीक व विश्वास दोन्ही कमी होतात.

भिंतीकडचीने पुढे आम्हाला हेच सांगितले. “तिला जागा मिळाली त्याचं वाईट वाटलं, पण ते मी गिळलं असतं. सगळ्या क्लासला माहीत होतं आणि मला एकटीला नव्हतं, याचं जास्त लागलं.” बातमी कुठून कळली हे माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही. फलक, वर्तमानपत्र, मित्रांचा व्हॉट्सअॅप गट आणि मैत्रिणीची आई या चौघांच्या आधी तुम्ही स्वतः पोहोचायला हवे.

प्रवेशाची बातमी एका दिवसात येत नाही, हप्त्याहप्त्याने येते. आधी गुण, मग नोंदणी आणि पसंतीक्रम, मग जागावाटपाची यादी, मग मूळ कागदपत्रे घेऊन महाविद्यालयात हजर होणे. मनाजोगे महाविद्यालय नसेल तर पुढची फेरी. प्रत्येक टप्प्यावर मैत्रिणीला नवे पत्रक काढण्याची गरज नाही. दोन टप्पे पुरतात. निकालाच्या दिवशी तिने विचारले तर खरा आकडा सांगावा, कारण विचारलेल्या प्रश्नाला उडवाउडवीचे उत्तर हे लपवणेच असते. आणि यादी लागली की त्याच दिवशी जागा मिळाल्याचे कळवावे. मधल्या हकिकती, गणवेश, वसतिगृह, पांढरा कोट, हे तिने विचारल्याशिवाय काढू नये.

खोटी नम्रता

दुसरी चूक ‘नशीब माझं, मी अभ्यासच केला नव्हता’ ही. हे वाक्य आपल्याकडे विनयाचे समजले जाते. पण ऐकणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. भिंतीकडचीने तिला रात्री दोन वाजेपर्यंत वाचताना पाहिले होते, म्हणजे वाक्य खोटे आहे हे तिला माहीत होते. आणि क्षणभर ते खरे मानले तर त्याचा अर्थ असा होतो की ‘अभ्यास न करता माझे झाले, तुझे मात्र अभ्यास करूनही झाले नाही.’ स्वतःला कमी लेखायला निघालेले वाक्य शेवटी दुसऱ्यालाच कमी लेखून गेले.

मग काय म्हणावे? साधी घटना सांगावी. ‘मला सरकारी महाविद्यालय मिळाले’ ही बढाई नव्हे. बेल्जियममधील मानसशास्त्रज्ञ व्हेरा होरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली दाखवून दिले की माणूस ‘मी चांगला आहे’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला ते तितकेसे खटकत नाही. ‘मी इतरांपेक्षा चांगला आहे’ म्हटले की खटकते, कारण त्या ‘इतरां’त ऐकणारा स्वतःला मोजतो. म्हणून बातमीतून तुलना काढून टाका. आपला क्रमांक कितवा, किती लाख मुले मागे राहिली, वर्गातून किती जणांना मिळाले, हे सगळे तुलनेचे आकडे आहेत. कुणी विचारले तर सांगावे, आपण होऊन सांगू नये. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आहेत. आपणच आपली स्तुती करणारा त्यात आहे, आणि वडिलांची कीर्ती सांगत फिरणाराही आहे. मुलाच्या कीर्तीबद्दल तिथे शब्द नाही, पण पालकांनी तीही जोडून घ्यायला हरकत नसावी.

पाच वाक्यांचे पत्र

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. यादी लागली त्या संध्याकाळी खिडकीकडचीने काय लिहायला हवे होते? पुढे दोघी आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही तिघांनी मिळून हा मजकूर तयार केला. शेवटचा शब्द भिंतीकडचीचा ठेवला, कारण वाचणारी ती होती.

“तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहितेय. आजच्या यादीत मला इथलंच सरकारी महाविद्यालय मिळालं आणि मला खूप आनंद झालाय. तुला हे वाचताना जड जाईल हे मला ठाऊक आहे. लगेच उत्तर द्यायलाच हवं असं नाही. रविवारी तुझ्या आकृत्यांच्या वह्या परत द्यायला येणार होते, तशीच येऊ की पुढच्या आठवड्यात?”

पहिल्या वाक्याने तिला कळते की आपण पहिल्या आहोत, शेवटच्या नाही. दुसरे वाक्य बातमीचे. त्यात आनंदही आहे, आणि तो ठेवायचाच. खिडकीकडचीला तो शब्द खोडायचा होता. भिंतीकडची म्हणाली, “तो राहू दे. तू आनंद लपवलास की मला वाटतं तू माझी कीव करतेयस.” तिसरे वाक्य तिची स्थिती ओळखते पण तिचे सांत्वन करत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. ‘तुझंही होईल’ हे सांत्वन आहे आणि ते आपल्या हातात नसलेले वचन आहे. ‘जड जाईल’ ही फक्त ओळख आहे. चौथ्या वाक्याने तिला वेळ मिळतो. पाचवे वाक्य पाहायला गेले तर क्षुल्लक, वह्यांचे. पण त्यात ‘आपले नेहमीचे व्यवहार चालू आहेत’ असा निरोप आहे, आणि कधी भेटायचे हे ठरवण्याचा अधिकार तिच्याकडे आहे.

पत्रात काय नाही तेही पाहा. गुण नाहीत, क्रमांक नाही, देवाची कृपा नाही, नशीब नाही, सल्ला नाही. ‘तू अमुक क्लास लाव’ हा सल्ला त्या दिवशी तर मुळीच नको. ‘तुझ्या आकृत्यांमुळेच माझं जीवशास्त्र सुधारलं’ हे वाक्य आम्ही आधी घातले होते. ते खरे होते, तरी काढले. त्या दिवशी ते बक्षिसातला वाटा देऊन समजूत काढल्यासारखे वाटले असते. महिन्या-दोन महिन्यांनी, वह्यांचा विषय निघाला असता तेच वाक्य कृतज्ञतेचे वाटते.

लिहून की बोलून?

आपल्याकडे समक्ष सांगणे हे जास्त आपलेपणाचे मानतात, म्हणून पत्र किंवा मोबाइलवरचा निरोप काहींना कोरडा वाटेल. पण समक्ष किंवा फोनवर बातमी ऐकणाऱ्याला त्याच क्षणी आनंदी आवाज काढावा लागतो. आत काही मोडत असताना बाहेर ‘अरे वा, अभिनंदन!’ म्हणावे लागते, आणि ते नीट जमले नाही की तिलाच स्वतःची लाज वाटते. लिहिलेला निरोप ती एकटी वाचते. रडायचे तर रडते, तोंड धुते, मग सावकाश उत्तर देते. तिचे अभिनंदन उशिरा येते, पण खरे येते. म्हणून आधी लेखी निरोप आणि मग भेट, हा क्रम आम्ही सुचवतो. निरोप गटावर नव्हे, तिच्या एकटीच्या क्रमांकावर. परीक्षेच्या आदल्या रात्री किंवा तिच्या घरी काही दुखणेबाणे असताना नव्हे.

सख्ख्या बहिणी, जुळे भाऊ किंवा एकाच घरातली चुलत भावंडे असतील तर निरोप पाठवणे हास्यास्पद होईल. तिथे इतरांना सांगण्याआधी एकट्याने गाठून दोन वाक्यांत सांगावे आणि काही निमित्ताने तिथून उठावे. पाणी आणायला गेलात तरी चालेल. त्याला तोंड फिरवायला दोन मिनिटे मिळाली म्हणजे झाले.

उत्तर आल्यावर

उत्तर एका शब्दाचे आले तर रागावू नका. ‘अभिनंदन’ एवढेच आले, पुढे काही नाही, तर तेवढेच तिला त्या दिवशी शक्य होते. उलट आणखी चार निरोप पाठवून ‘तू रागावलीस का? मला वाईट वाटतंय’ असे विचारत बसू नका. तसे केले की दुःख तिचे आणि समजूत मात्र तिनेच तुमची काढायची, असा प्रकार होतो.

भेटल्यावर एक नियम पुरतो. विचारले तेवढे सांगावे, पण खरे सांगावे. तिने विचारले, “वर्ग कधीपासून?” तर तारीख सांगा, “पहिलं वर्ष शरीररचनाशास्त्राचं, दमायला होतं म्हणतात” असे एखादे वाक्य बोला आणि थांबा. आणखी ऐकावेसे वाटले तर ती विचारील. नवीन अडचणींची तक्रार मात्र जपून करावी. ज्या जागेसाठी ती पुन्हा वर्षभर झुरणार आहे, त्या जागेची कुरकुर तिच्यापुढे करणे हे बढाईपेक्षाही लागते. आणि तिच्या अभ्यासाबद्दल विचारायचे तर ‘या वेळी किती येतील?’ असे न विचारता ‘कोणत्या विषयात माझा उपयोग होईल?’ असे विचारावे. उत्तर ‘कशातच नको’ असे आले तरी ते मानावे.

मोठ्यांसाठी

पालकहो, हाच पाठ बढतीलाही लागू पडतो. एकाच बँकेत वीस वर्षे शेजारच्या खिडकीवर बसलेले दोन कारकून अधिकारीपदाची परीक्षा देतात. एकाची निवड होते, दुसऱ्याची तिसऱ्या खेपेलाही होत नाही. यादी सूचनाफलकावर लागण्याआधी किंवा निदान त्याच सकाळी पहिल्याने दुसऱ्याला स्वतः सांगावे. ‘पगार फारसा वाढत नाही हो, उलट बदलीची कटकट’ हे खोट्या नम्रतेचे वाक्य गाळावे, कारण तीच कटकट मिळावी म्हणून दुसऱ्याने तीनदा परीक्षा दिली आहे. आणि मेजवानीचे निमंत्रण देताना ‘यायलाच पाहिजे’ असा आग्रह धरू नये. ‘आलास तर बरं वाटेल, नाही जमलं तर आपण दोघं नंतर चहा घेऊ’ असे म्हणावे. न येण्याची वाट मोकळी असली म्हणजे पुष्कळदा माणूस येतो.

पेढ्यांचेही तसेच. गल्लीत बारा घरी पेढे गेले आणि तेराव्या घरी ‘त्यांना वाईट वाटेल’ म्हणून गेले नाहीत, तर त्या घराला ते न गेलेले पेढेच दिसतात. पेढे पाठवावेत. मात्र मुलीने निरोप पाठवल्यानंतर पाठवावेत, दारात भाषण करू नये आणि दुसऱ्या मुलाला बाहेर बोलावून तोंड गोड करायला लावू नये. ‘तुमच्या मुलीने दोन वर्षं हिला सोबत दिली’ एवढे म्हणून काकूंच्या हातात डबी द्यावी आणि नेहमीच्या गोष्टी बोलाव्यात. आजी-आजोबांनाही आधी कल्पना द्यावी. चारचौघांत ‘आमची डॉक्टर झाली, तुमचीचं काय?’ हा प्रश्न बहुधा त्यांच्याच तोंडून निघतो, आणि त्यामागे वाईट हेतू नसतो.

विश्वस्त मंडळींना आमची एकच विनंती आहे. यशस्वी विद्यार्थ्यांची नावे फलकावर लावण्याआधी त्या विद्यार्थ्यांना दोन दिवस आधी सांगावे, म्हणजे त्यांना आपल्या जवळच्यांना स्वतः सांगण्यास अवधी मिळेल. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानेही 2023 साली अनिष्ट स्पर्धा टाळण्यासाठी गुणवत्ता यादी काढली नाही. गुणगौरव अवश्य व्हावा, फक्त त्याच्या बातमीने कुणाची मैत्री तुटू नये.

या उपायांची मर्यादा

हे सगळे नीट केले तरी समोरच्याला वाईट वाटणारच नाही, असे नाही. जागा तुम्हाला मिळाली आणि तिला नाही, हे कोणत्याही पाच वाक्यांनी बदलत नाही. ते दुःख तुमच्यामुळे झालेले नाही, म्हणून त्याबद्दल माफी मागत बसण्याचे कारण नाही. तुमच्याकडून झालेली इजा तेवढी टाळायची. मित्र काही आठवडे तुटक वागला, पण इतरांशी बोलतो, अभ्यासाला लागतो, जेवतो-खातो, तर त्याला वेळ द्यावा. पण तो सगळ्यांपासूनच दूर झाला, जेवण-झोप सुटली, आपल्या वस्तू वाटून टाकू लागला किंवा ‘आता जगून काय करायचं’ असे बोलला, तर हा रुसवा नव्हे. तेव्हा ‘त्याने कुणाला सांगू नको म्हटलंय’ हा विचार बाजूला ठेवून त्याच्या आईवडिलांना आणि आम्हा शिक्षकांना लगेच सांगा. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. तुमचा निकाल कितीही चांगला असो, त्या फोनला अगोदरचा मान द्या.

राहिली त्या दोघींची गोष्ट. दोन महिन्यांनी खिडकीकडचीने पत्र लिहिले. त्यात ती आधी म्हणाली, “मी तुला सांगायला हवं होतं. तुला सोसवणार नाही असं मीच ठरवलं, ते चुकलं.” यश मिळाल्याची माफी तिने मागितली नाही, लपवल्याची मागितली. आठ दिवसांनी उत्तर आले. भिंतीकडचीला दुसऱ्या वर्षीही वैद्यकीयला जागा मिळाली नाही. ती औषधनिर्माणशास्त्राला गेली. दोघी पूर्वीसारख्या रोज भेटत नाहीत. पण भिंतीकडचीला पहिली नोकरी लागली ती बातमी कळवताना तिने आधी खिडकीकडचीला लिहिले. खिडकीकडची तेव्हा पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेत नापसंत निकाल घेऊन घरी बसली होती. निरोप पाच वाक्यांचा होता, असे तिनेच आम्हाला सांगितले.

स्वाध्याय

1. तुमची शाळेच्या क्रिकेट संघात निवड झाली आहे. तुमच्याबरोबर तीन वर्षे सराव करणाऱ्या मित्राची झाली नाही. यादी उद्या सकाळी फलकावर लागणार आहे. त्याला आज संध्याकाळी पाच वाक्यांचा निरोप लिहा.

2. पुढील वाक्यात ऐकणाऱ्याला काय लागेल ते सांगा आणि वाक्य दुरुस्त करा : ‘पेपर सोपाच होता रे, कुणालाही जमला असता.’

3. पालकांसाठी : गेल्या वर्षभरात तुम्ही आनंदाची कोणती बातमी कुणाला सांगायची टाळली? ती त्यांना शेवटी कुठून कळली?